ग्रामसभेतील चोवीस संत्री

प्रश्न : मी काटोल तालुक्यातील एका लहान ग्रामपंचायतीचा नवा सरपंच आहे. अंदाजपत्रक वाचून दाखवले की लोक फक्त एकूण रक्कम ऐकतात आणि ‘एवढा पैसा गेला कुठे’ असे विचारतात. एखाद्या सरपंचाने हे ग्रामसभेत नीट समजावून सांगितल्याची हकिकत असेल तर ती गोष्टीसारखी सांगाल का?

मी नागपूर जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी केली आणि शेवटची काही वर्षे शेजारच्या नरखेड तालुक्यातील एका संत्रा पिकवणाऱ्या गावात काढली. त्या गावच्या २६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेची ही हकिकत आहे. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही. आकडे लक्षात राहावेत म्हणून पूर्ण हजारांत घेतले आहेत.

आदल्या वर्षीचे अंदाजपत्रक मी स्वतः वाचले होते. लेखा संहितेतील नमुना १ हा अर्थसंकल्पाचा नमुना; त्यातील जमेची एकेक बाब, मग खर्चाची एकेक बाब मी वीस मिनिटे वाचत राहिलो. त्या दिवशी गणपूर्ती झाली नव्हती. गावात चौदाशे मतदार होते, त्यांचे पंधरा टक्के म्हणजे दोनशे दहा. परंतु नियमाप्रमाणे पंधरा टक्के किंवा शंभर यांपैकी जो आकडा कमी असेल तो पुरतो, म्हणून शंभर माणसे हवी होती. तेवढीही आली नाहीत, सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पुढच्या बैठकीत चाळीस माणसांसमोर अंदाजपत्रक मंजूर झाले. कायद्याने त्यात काही चुकले नव्हते. पण गावात बातमी एवढीच पसरली की पंचायतीला पंचवीस-सव्वीस लाख येणार आहेत आणि कागद चाळीस जणांत मंजूर झाला आहे. त्यानंतर वर्षभर प्रत्येक पानठेल्यावर तो आकडा फिरत होता.

सरपंच तेव्हा नुकतेच निवडून आले होते. पाच एकर संत्र्याची बाग, शिक्षण दहावी, स्वभाव शांत. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणत. डिसेंबरमध्ये नव्या वर्षाचे अंदाजपत्रक तयार करायला बसलो तेव्हा त्यांनी नमुना १ हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, “साहेब, सही मी करतो, पण मलेच समजलं नाही तर गावाले काय समजाव?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याही सरपंचाने विचारला नव्हता. मग आम्ही दोघांनी मिळून आठ दिवस ते अंदाजपत्रक पुन्हा केले. ग्रामसभेत जे घडले त्याचे निम्मे श्रेय या आठ दिवसांचे आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

पहिली चूक माझीच सापडली. आदल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घरपट्टी, दिवाबत्ती कर आणि आरोग्य कर मिळून ६,५०,००० रुपये जमा दाखवले होते. हा आकडा मी नमुना ९ वरून, म्हणजे कर मागणी नोंदवहीवरून, सरळ उतरवला होता. त्यात चालू वर्षाची मागणी ३,६०,००० आणि मागील थकबाकी २,९०,००० होती. प्रत्यक्षात नमुना १० च्या पावत्यांची आणि रोकड वहीची बेरीज केली तेव्हा वसूल झालेली रक्कम ३,१०,००० निघाली. मागणी म्हणजे लोकांकडून येणे असलेली रक्कम, आणि वसुली म्हणजे हातात आलेली रक्कम. मी मागणीला जमा समजून तिच्यावर खर्च मांडला होता, म्हणून कागदावर ३,४०,००० रुपये असे होते जे कधीच येणार नव्हते. गल्लीतील मुरूम आणि नवे पथदिवे नेमके त्याच रकमेतून होणार होते. लोक विचारत होते की ते पैसे कुठे गेले, आणि खरे उत्तर असे होते की ते आलेच नव्हते.

हा दोष अनेक ग्रामपंचायतींच्या अंदाजपत्रकांत असतो आणि तो ओळखणे अवघड नाही. कराच्या जमेचा अंदाज गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष वसुलीशेजारी ठेवून पाहावा. अंदाज दीडपट, दुप्पट असेल आणि वसुली वाढण्याचे काही कारण सांगता येत नसेल, तर त्या अंदाजावर बेतलेला खर्च होणार नाही हे आताच समजावे.

आम्ही थकबाकीची यादी घेऊन शिपायासोबत घरोघर फिरलो आणि तिचे तीन भाग केले. काही घरे वर्षानुवर्षे बंद होती, कारण माणसे कामासाठी नागपूरला किंवा पुण्याला गेलेली होती. काही घरांचा वारसांमध्ये वाद होता आणि कोणीच आपला हिस्सा भरत नव्हते. उरलेली थकबाकी मात्र अशा घरांची होती जी भरू शकत होती, फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते. या तिसऱ्या भागातून ९०,००० येतील असे धरले, चालू मागणीपैकी २,५०,००० धरले आणि कराची जमा ३,४०,००० लिहिली. आठवडी बाजाराची फी, दोन दुकानगाळ्यांचे भाडे आणि दाखल्यांची फी मिळून ६०,००० होत होते. अशी गावाची स्वतःची कमाई, म्हणजे ग्रामनिधीची जमा, ४,००,००० ठरली. आदल्या वर्षीपेक्षा अंदाजपत्रक लहान दिसत होते आणि एक सदस्य त्यावर नाराजही झाले. “गाव मागं गेलं असं वाटते न,” असे ते म्हणाले. सरपंचांनी आकडा वाढवायला नकार दिला.

सभेच्या सात दिवस आधी दवंडी दिली, नोटीस लावली, आणि आदल्या दिवशी महिला सभा घेतली. तिथे सरपंचांनी अंदाजपत्रकाचा विषय काढला तेव्हा टेकडीकडच्या वस्तीतील एक आजी म्हणाल्या की उन्हाळ्यात त्यांच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येते, तेही घागरभर, मग पाणीपट्टी कायले भराव? सरपंचांनी ते वाक्य वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मैदानातच सभा भरली. हजेरी वहीवर एकशे सदतीस सह्या झाल्या. टेबलावर सरपंचांनी आपल्या बागेतील चोवीस संत्री आणि चार रिकाम्या पेट्या मांडल्या होत्या. मला त्यांनी याबद्दल काही सांगितले नव्हते.

अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न मागच्या रांगेतून आला. एक वयस्कर शेतकरी उठले. त्यांची बाग नाल्यापलीकडे होती आणि पावसाळ्यात पांदणीतून बंडी निघत नसे. ते म्हणाले, “भाऊ, यंदा चोवीस लाख येनार म्हंता. मंग आमच्या पांदणीतला चिखल कायले हटत नाही? पैसा जाते तरी कोठी?”

“काकाजी, बरोबर विचारलं. चोवीस लाख दहा हजार येनार हायेत,” सरपंच म्हणाले. “हे एक संत्रं म्हणजे एक लाख. वरचे दहा हजार सध्या बाजूले ठेवू. हे चोवीस संत्रे कोन कोनत्या पेटीत जातात ते तुमीच पाहा.”

त्यांनी पहिल्या पेटीत आठ संत्री ठेवली. ही शासनाच्या योजनांची रक्कम होती. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीतील सिमेंट रस्त्यासाठी पाच लाख, आणि जनसुविधा योजनेतून स्मशानभूमीच्या शेडसाठी तीन लाख. ही रक्कम ज्या कामासाठी मंजूर झाली त्याच कामावर खर्च करावी लागते आणि काम झाल्यावर त्याच कामाचे मोजमाप होते. सरपंचांनी एवढेच म्हटले, “काकाजी, बँकेनं विहिरीसाठी दिलेल्या पैशात पोरीचं लग्न केलं तर बँक काय म्हनते?” पुढे काही सांगावे लागले नाही. पेटीवर झाकण ठेवून ती बाजूला सरकवली गेली.

दुसऱ्या पेटीत दहा संत्री गेली. हा पंधराव्या वित्त आयोगाचा निधी. केंद्राकडून येणाऱ्या या निधीपैकी तेव्हा राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळत असे. ग्रामपंचायतीच्या वाट्याचे दोन भाग असत. ६० टक्के बंधित असे. त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित असे, तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येई, पण पगार आणि कार्यालयीन आस्थापनेवर नाही. सरपंचांनी पेटीत जुने वर्तमानपत्र घालून तीन कप्पे केले: तीन संत्री पाण्याची, तीन स्वच्छतेची, चार अबंधित.

लोकांची नजर त्या चार संत्र्यांवर गेली. सरपंचांनीही ती झाकली नाहीत. त्यांनी गावाचा विकास आराखडा काढला. त्यात आधीच्या ग्रामसभेने या चार लाखांतून अंगणवाडीच्या छताची दुरुस्ती आणि मुख्य रस्त्याकडेची नाली घेतली होती. “हा ठराव तुमचाच हाय. पांदणीसाठी यातलं काही काढाचं असंल तर आज बोला. पन काय कमी कराचं तेही सांगा. अंगणवाडीचं छत, का नाली?” दोन-तीन तरुण अंगणवाडी मागे ठेवा म्हणाले. तेव्हा महिलांच्या बाजूने एक जण उठली आणि पावसाळ्यात छत गळते तेव्हा पोरांना घरी पाठवावे लागते, मग मजुरीला कसे जायचे, असे विचारले. हात वर करून मते घेतली गेली आणि आराखडा तसाच राहिला. पांदणीची मागणी फेटाळली गेली, आणि ती कोणासाठी फेटाळली गेली हे काकाजींना समोर दिसले. ते खाली बसले तेव्हा चिडलेले नव्हते.

अंदाजपत्रक सांगताना हा क्षण सरपंच सहसा टाळतात, असे मी पाहिले आहे. जिथे खरी निवड करायची असते, तिथेच ‘निधी नाही’ असे म्हटले जाते. निधी असतो, तो दुसऱ्या कामाला दिलेला असतो. कोणत्या कामाला दिला हे सांगितले तर माणूस वाद घालतो, पण संशय घेत नाही.

आता सहा संत्री राहिली होती. तिसऱ्या पेटीत चार गेली, ती गावाच्या स्वतःच्या कमाईची. चौथीत दोन गेली आणि मघाशी बाजूला ठेवलेले दहा हजारही तिथेच लिहिले गेले. ही पाणीपट्टी, २,१०,००० रुपये. पाणीपुरवठा निधीचे खाते वेगळे ठेवावे लागते, म्हणून तिची पेटीही वेगळी.

“पंचायत सोताच्या मनानं खर्च करू शकते ते एवढंच, ही तिसरी पेटी,” असे म्हणून सरपंचांनी ती चारही संत्री सोलली. एका संत्र्यात दहा-अकरा फोडी निघतात. त्यांनी एका फोडीला दहा हजार धरले आणि ताटात चाळीस फोडी मोजून मांडल्या. मग एकेक खर्च वाचत ते फोडी बाजूला काढू लागले.

आधी कायद्याने आणि शासन आदेशाने राखीव ठेवावे लागणारे हिस्से आले. स्वउत्पन्नाच्या १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, सहा फोडी. १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, चार फोडी. ५ टक्के दिव्यांगांसाठी, दोन फोडी. इथे एका दिव्यांग तरुणाने विचारले की मागच्या वर्षीच्या दोन फोडी कोणाला मिळाल्या. सरपंचांनी माझ्याकडे पाहिले. मला सांगावे लागले की मागच्या वर्षी त्या बाबीतून निम्मीच रक्कम खर्च झाली होती. सरपंचांनी तिथेच जाहीर केले की उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या तरतुदीवर वाढवून द्यायची, आणि ते ठरावात लिहून घेतले. तुम्हाला माझी विनंती आहे की सभेला जाण्यापूर्वी या तीन बाबींचा मागचा खर्च लाभार्थ्यांच्या यादीसह सोबत ठेवा. या बाबी कागदावर दरवर्षी असतात, खर्च मात्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने होतो किंवा होतच नाही, आणि ज्यांच्यासाठी तो असतो ते समोर बसलेले असतात.

चाळीसपैकी अठ्ठावीस उरल्या. कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातील पंचायतीचा हिस्सा आणि भविष्य निर्वाह निधी, दहा फोडी. पथदिव्यांचे वीजबिल, आठ फोडी. कार्यालयाचा खर्च, सदस्यांचा बैठक भत्ता, छपाई आणि जिल्हा ग्रामविकास निधीला द्यायचे पाव टक्का म्हणजे एक हजार रुपये धरून चार फोडी. ताटात सहा फोडी उरल्या, साठ हजार रुपये.

मैदानात कुजबूज सुरू झाली. चोवीस लाखांवरून साठ हजारांवर येणे पहिल्यांदाच लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होते. पण सरपंच थांबले नाहीत. त्यांनी पाण्याची पेटी ओढली आणि तीही दोन संत्री सोलली.

गावात नळाच्या तीनशे जोडण्या होत्या आणि महिन्याला शंभर रुपये दर. वर्षाची मागणी ३,६०,००० होत होती, वसुली २,१०,०००. म्हणजे एकवीस फोडी. पंपाचे वीजबिल १,६८,०००, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे ८४,०००, ब्लिचिंग पावडरचे १२,०००. मिळून २,६४,०००. एकवीस फोडींतून साडेसव्वीसच्या जवळपास फोडी द्यायच्या होत्या. कमी पडणारे ५४,००० कुठून आणायचे? सरपंचांनी तिसऱ्या पेटीतील सहापैकी पाच फोडी उचलून पाण्याच्या पेटीत टाकल्या, आणि सहावीचा एक तुकडा तोडून तोही टाकला. ताटात अर्ध्या फोडीपेक्षा थोडे जास्त राहिले.

“हे सहा हजार,” ते म्हणाले. “काकाजी, तुमच्या पांदणीसाठी पंचायतीजवळ आपल्या मर्जीचे एवढेच हायेत. बाकीच्या फोडी पान्याच्या वीजबिलात गेल्या.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका तरुणाने विचारले की पाणीपट्टी सगळ्यांनी भरली तर काय होईल. हा प्रश्न लोकांकडून आला याला फार महत्त्व आहे. सरपंचांनी फळ्यावर वजाबाकी केली: ३,६०,००० पूर्ण आले तर पाण्याचा खर्च निघून वर ९६,००० शिल्लक राहतात आणि इकडचे ६०,००० मोकळे होतात. कोणालाही भाषण द्यावे लागले नाही.

पण तेवढ्यात आदल्या दिवशीच्या त्या आजी उठल्या आणि त्यांनी आपले म्हणणे पुन्हा मांडले. सरपंचांनी वही उघडून त्यांचेच वाक्य वाचून दाखवले आणि मान्य केले की टेकडीकडच्या पासष्ट घरांना पाणी मिळत नाही, आणि न भरलेल्या पाणीपट्टीत सर्वांत मोठा वाटा त्याच घरांचा आहे. कारण तांत्रिक होते. टाकीतून निघणारी एकच वाहिनी आधी खालच्या वस्तीला जाते, तिथले नळ उघडे असेपर्यंत वर दाब पोहोचत नाही. खालच्या काही घरांनी नळाला थेट मोटार लावलेली होती, ती गोष्टही कोणाचे नाव न घेता बोलली गेली. मग सरपंचांनी दुसऱ्या पेटीतील पाण्याच्या तीन संत्र्यांकडे बोट दाखवले. बंधित निधीतील ते तीन लाख टेकडीसाठी टाकीपासून स्वतंत्र वाहिनी आणि व्हॉल्व्ह बसवण्यासाठी वापरायचे, पाणी एक दिवस खाली आणि एक दिवस वर सोडायचे, आणि नळाला मोटार आढळली तर जोडणी बंद करायची, असा ठराव झाला. खालच्या वस्तीतील काहींनी विरोध केला, कारण त्यांचे रोजचे पाणी एक दिवसाआड होणार होते. तो विरोध इतिवृत्तात लिहिला गेला. बहुमताने ठराव मंजूर झाला.

एकाने घरकुलाचे पैसे आणि रोजगार हमीची मजुरी यांत का दिसत नाहीत असे विचारले. ते पैसे थेट लाभार्थ्याच्या आणि मजुराच्या बँक खात्यात जातात, पंचायतीच्या खात्यात येतच नाहीत, असे मी सांगितले. पांदणीचे मातीकाम रोजगार हमी योजनेतून होऊ शकत होते, म्हणून ते पुरवणी आराखड्यात घालून तालुक्याला पाठवण्याचा ठरावही त्याच सभेत झाला. मंजुरी कधी मिळेल याचे वचन सरपंचांनी दिले नाही.

सभा अडीच तास चालली. संत्री नंतर शाळेच्या मुलांना वाटली.

आता त्या वर्षाचा शेवट सांगतो, कारण अंदाजपत्रक समजावून सांगणे जानेवारीत संपत नाही. वर्षाच्या मध्यात दोन वेळा खर्चाच्या बाबी बदलाव्या लागल्या. एकदा पंप जळाला, एकदा पावसात शाळेजवळची नाली खचली. दोन्ही वेळा सरपंचांनी नमुना २ मध्ये पुनर्विनियोजन करून मासिक सभेची मंजुरी घेतली आणि कोणत्या बाबीतून किती काढले हे पंचायतीच्या फळ्यावर लिहिले. पुष्कळ ठिकाणी काम आधी होते आणि कागद मार्चमध्ये जुळवले जातात. मग मेमध्ये जमाखर्च मांडताना अंदाज आणि खर्च यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही, आणि समजावून सांगितलेले सगळे वाया जाते.

टेकडीची वाहिनी जून २०२४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर त्या पासष्ट घरांपैकी बरीचशी पाणीपट्टी भरू लागली. वर्षाअखेर पाण्याची वसुली २,५८,००० झाली, म्हणजे तूट ५४,००० वरून ६,००० वर आली. घरपट्टी व इतर करांत मात्र आमचा अंदाज चुकला: ३,४०,००० धरले होते, ३,१८,००० आले. वारसांचे वाद असलेल्या दोन-तीन मोठ्या घरांना आम्ही भरू शकणाऱ्यांत धरले होते, ती चूक होती.

मी तोवर निवृत्त झालो होतो, तरी १ मे २०२५ च्या ग्रामसभेला सरपंचांनी मला बोलावले. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत होणाऱ्या सभेत मागील वर्षाचा जमाखर्च ठेवायचा असतो. मे महिन्यात संत्री नव्हती, म्हणून त्यांनी शाळेचा फळा घेतला आणि दोन स्तंभ आखले: जानेवारीत काय म्हटले होते, आणि काय झाले. सर्वांत वर त्यांनी कमी पडलेले २२,००० लिहिले आणि अंदाज कुठे चुकला ते सांगितले. मग खाली पाण्याचा आकडा आला. राखीव हिस्से आणि ठरलेले खर्च जाऊन गावाच्या मर्जीचे सुमारे साडेअडतीस हजार उरले होते.

त्या पैशांचे काय करायचे हे त्यांनी ठरवले नव्हते. त्यांनी सभेला विचारले. अंगणवाडीसाठी उठलेल्या त्याच महिलेने पांदणीचे नाव घेतले. पांदणीचे पूर्ण काम अजून मंजुरीच्या वाटेवरच होते, पण जिथे नाला आडवा येतो आणि बंडी फसते, तेवढ्या एका जागी सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम घालण्याचा ठराव झाला. काकाजींनी मुरूम आणायला आपला ट्रॅक्टर देऊ केला, आणि पावसाळ्यापूर्वी पाइप बसले.